‘मला काय धाड भरलीय?’ असं उत्तर आल्यावर

प्रश्न: मी शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. वय ३२. मध्यंतरी आमच्या कॅन्टीनमध्ये मानसिक आरोग्यावर तासाभराचं व्याख्यान झालं. मॅडमनी सांगितलं, सहकाऱ्याच्या वागण्यात बदल दिसला तर गप्प बसू नका, विचारा. माझ्या डोळ्यांसमोर लगेच आमचे अण्णा आले. पन्नाशीचे आहेत, टर्नर. मला मोजमाप त्यांनीच शिकवलं. महिनाभर ते डबा तसाच परत नेतायत, नाईट स्वतःहून मागून घेतायत, दोनदा जॉब रिजेक्ट झाला तरी एक शब्द बोलले नाहीत. सगळ्यांचे हातउसने पैसे परत करत सुटलेत. मागच्या आठवड्यात त्यांचा स्वतःचा मोजमापाचा व्हर्नियर मला दिला, म्हणाले, ‘तुझ्याकडं असू दे, मला आता काय करायचाय.’ व्याख्यानाच्या दुसऱ्याच दिवशी चहाला मी विचारलं होतं, ‘अण्णा, ठीक आहात ना?’ तर म्हणाले, ‘मला काय धाड भरलीय? निवांत आहे.’ सगळे हसले, मीही हसलो. आता परत विचारलं तर त्यांना राग येईल का? का सरळ एचआरला सांगू?

उत्तर:

नमस्कार. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी तुम्हाला ईमेलनं दोन ओळी पाठवल्या होत्या. आजच बोला, उद्यावर ढकलू नका, आणि १४४१६ हा नंबर फोनमध्ये घालून ठेवा. तसं का म्हटलं आणि कसं बोलायचं, ते इथं सविस्तर लिहिते. ‘विचारा’ एवढं ऐकून घरी गेलेले आणि पहिल्याच उत्तराला अडलेले तुमच्यासारखे पुष्कळ जण आहेत.

आधी तुमच्या पत्रातल्या एका वाक्याबद्दल. डबा, नाईट, रिजेक्शन हे सगळं वाचताना मला वाटत होतं की माणूस खचलाय, थकलाय, त्याच्याशी बोलायला हवं. व्हर्नियरपाशी आल्यावर मात्र मी थांबले. तुमच्या धंद्यात स्वतःच्या पैशानं घेतलेला व्हर्नियर कुणी दुसऱ्याच्या हाताला लागू देत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. अण्णांची अजून नोकरी चालू आहे, आठ तास मशीनवर उभे राहतात, आणि म्हणतात ‘मला आता काय करायचाय’. त्याच्या जोडीला सगळ्यांची देणी फेडणं. जीवाची वस्तू देऊन टाकणं, व्यवहार मिटवत जाणं, पुढच्या दिवसांत स्वतःला धरूनच न बोलणं, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की मनात आत्महत्येचा विचार असू शकतो असं धरूनच चालायचं. असेलच असं नाही. कदाचित ते नोकरी सोडायच्या विचारात असतील, कदाचित डोळ्यांना कमी दिसायला लागलं असेल. पण यातलं काय खरं ते अंदाजानं कळणार नाही, विचारूनच कळेल. आणि विचारायला उशीर करण्यात जो धोका आहे तो चुकीचं विचारण्यात नाही.

बदल ओळखताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. मोजायच्या आधी तुम्ही व्हर्नियरचा झिरो बघता, तसाच माणसाचा झिरो माहीत असावा लागतो. एखादा माणूस मुळातच अबोल असेल तर त्याचं गप्प बसणं काहीच सांगत नाही. अण्णा जॉब रिजेक्ट झाला की क्वालिटीवाल्यांशी भांडणारे, डब्यातलं सगळ्यांना वाढणारे असतील, तर त्यांचं गप्प बसणं आणि डबा बंद राहणं खूप काही सांगतं. व्याख्यानाला आलेल्या तज्ज्ञाला हा झिरो माहीत नसतो. तो तुम्हाला माहीत आहे, म्हणूनच हे काम तुमच्याकडे आलंय. डॉक्टर साधारण दोन आठवड्यांचं माप धरतात. उदासी किंवा कशातच रस न वाटणं दिवसाचा बराचसा वेळ, जवळजवळ रोज, दोन आठवडे टिकलं आणि त्याबरोबर झोप-भूक-कामावरचं लक्ष बिघडलं, तर ते नुसतं टेन्शन म्हणून सोडून द्यायचं नसतं. अण्णांचा महिना झालाय.

आता त्या चहाच्या प्रश्नाकडे येऊ. तुमचा हेतू चांगला होता, पण दहा जणांसमोर ‘ठीक आहात ना’ असं विचारल्यावर पन्नाशीचा कोणता कोल्हापुरी गडी ‘नाही’ म्हणेल? प्रश्नातच उत्तर दिलेलं होतं, त्यांनी फक्त ते परत केलं. शिवाय चहाच्या टपरीवर समोरासमोर, सगळ्यांच्या नजरेत. त्यामुळे ‘मला काय धाड भरलीय’ हे उत्तर प्रसंगाला मिळालेलं आहे असं समजा. तुम्हाला ते अजून मिळालेलंच नाही. परत विचारायची पूर्ण मुभा तुम्हाला आहे.

जागा अशी निवडा की मान वर करून एकमेकांकडे बघत बसावं लागणार नाही. शॉपमध्ये नको. मशीन चालू असताना ओरडून बोलावं लागतं, आणि ही गोष्ट ओरडून बोलता येत नाही. नाईट सुटतानाही नको, तेव्हा माणूस झोपेला आलेला असतो. शिफ्टच्या आधी किंवा सुट्टीच्या दिवशी, हाताशी निदान तास-दीड तास मोकळा असताना त्यांना घेऊन बाहेर पडा. ‘अण्णा, जरा माझ्याबरोबर चला, एक काम आहे’ एवढं पुरतं. रंकाळ्याच्या कट्ट्यावर पाण्याकडे तोंड करून शेजारी शेजारी बसा, किंवा नुसते चालत राहा. पुरुष माणसं शेजारी बसून, दुसरीकडे बघत जास्त बोलतात, हे मी कारखान्यांतल्या सत्रांमध्ये कायम बघत आलेय. फोन सायलेंटवर टाकून खिशात ठेवा. बोलता बोलता तुम्ही एकदा जरी स्क्रीनकडे बघितलंत, तरी त्यांना आवरतं घ्यायला निमित्त मिळेल.

सुरुवात ‘तुम्हाला काय झालंय’ अशी करू नका. त्यात तपासणीचा वास येतो. तुम्ही जे डोळ्यांनी बघितलं ते सांगा, दोनच गोष्टी, आणि त्यावर तुम्हाला काय वाटलं ते. तुमच्या बोलीत ते काहीसं असं होईल: ‘अण्णा, महिना झाला, डबा तसाच परत नेतासा. आणि व्हर्नियर मला देऊन टाकलासा. तो घरी नेल्यापासून मला चैन न्हाई. मला तुमची काळजी लागलीय. काय चाललंय?’

मग गप्प बसा. सगळ्या संभाषणात हेच सगळ्यात अवघड असतं. समोरचा पाण्याकडे बघत राहतो, तुम्हाला वाटतं आपण भलतंच विचारून बसलो, आणि ती शांतता भरायला तुम्ही स्वतःच बोलायला लागता: ‘म्हणजे तसं काय नाही, सहज विचारलं.’ झालं, दार बंद. त्यांना बोलायला जागा तुम्ही दिली होती आणि तुम्हीच ती अडवली. मनात दहा संथ श्वास मोजा. बहुतेकदा त्याआधीच काहीतरी येतं.

परत ‘काय न्हाई’ असंच आलं तर वाद घालू नका. ‘बरं, आत्ता बोलायचं नसलं तर राहू दे. पण मी उद्या परत विचारणार, आणि तुम्हाला माझा राग आला तरी चालंल.’ इतकं सांगितलं तरी त्यांना कळतं की हा चहापुरतं विचारत नव्हता. मात्र तुमच्या बाबतीत, व्हर्नियरमुळे, पुढे लिहिलेला थेट प्रश्न त्याच बैठकीत विचारायचाच आहे, ते बोलले नाहीत तरी.

समजा ते बोलायला लागले. म्हणतील, पोरीच्या लग्नाला पतसंस्थेचं कर्ज काढलं, जामीन म्हणून मेव्हण्याची सही घेतली, हप्ते थकलेत, आता नोटीस त्याच्या घरी गेलीय. रात्री दोन-तीनला जाग येते ती परत डोळा लागत नाही, म्हणून नाईट घेतो, निदान घरात कुणी विचारत नाही. हे मी कल्पनेनं लिहितेय, तुमच्या अण्णांचं वेगळं असेल. पण अशा वेळी आपल्या तोंडून काय निघतं ते मला नक्की ठाऊक आहे. ‘अहो, कर्ज कुणाला नाही?’ ‘मन घट्ट करा.’ ‘अंबाबाई सगळं नीट करंल.’ ‘पोरांकडं बघा जरा.’

हे सगळं मायेनंच बोललं जातं. तरीही शेवटच्या वाक्याबद्दल मला सविस्तर सांगायचंय. जीव नकोसा झालेल्या पुष्कळ माणसांना आतून असं वाटत असतं की आपण घरच्यांवर ओझं झालोय, आपण नसलो तर त्यांचं बरं होईल. ते पोरांकडे बघतच असतात, रात्रंदिवस, आणि त्यातूनच ते ओझं वाढत असतं. अशा माणसाला ‘पोरांकडं बघा’ म्हटलं की त्याला ऐकू येतं, ‘तू बाप म्हणूनही कमी पडलास.’ तो मान डोलावतो, ‘व्हय, बरोबर हाय’ म्हणतो आणि उठतो. तुम्हाला वाटतं समजूत पटली. प्रत्यक्षात बोलणं तिथंच संपलेलं असतं. म्हणून उपदेश, उदाहरणं, उपाय हे सगळं त्या दिवशी बाजूला ठेवा. पैशांची सोय करतो असंही लगेच म्हणू नका, कारण मग बोलणं आकड्यांवर जातं आणि माणूस मागे राहतो.

त्याऐवजी छोटे प्रश्न विचारा, ज्यांना नुसतं हो-नाही पुरणार नाही. ‘कधीपासून असं होतंय?’ ‘रात्री जाग आल्यावर काय काय मनात येतं?’ ‘घरात कुणाकुणाला माहीत आहे?’ मधे त्यांचंच बोलणं थोडक्यात परत सांगा: ‘म्हणजे मेव्हण्याला तोंड दाखवायचं कसं, हे जास्त खातंय तुम्हाला.’ बरोबर असेल तर ते पुढे बोलतील, चुकलं असेल तर दुरुस्त करतील. दोन्हीत फायदाच आहे. डोळ्यांत पाणी आलं तर ‘रडू नका’ म्हणू नका, तिथंच बसून राहा.

आणि मग तो प्रश्न. तो टाळण्यासाठी माणसं काहीही करतात. ‘असलं वेडंवाकडं काही मनात नाही ना?’ असं विचारतात, म्हणजे समोरच्यानं ‘छे छे’ म्हणावं याची सोयच करून ठेवतात. शब्द स्पष्ट हवेत, आवाज नेहमीचा हवा. ‘अण्णा, एवढं सगळं डोक्यावर असलं की कधी कधी माणसाला जीव द्यावासा वाटतो. तुमच्या मनात तसं येतं का?’

तुम्हाला भीती वाटेल की विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात घातला जाईल. या भीतीपोटीच कितीतरी माणसं गप्प राहिली आहेत. पण यावर बरंच संशोधन झालं आहे आणि विचारल्यानं आत्महत्येचा विचार निर्माण होतो असं त्यात दिसलेलं नाही. उलट कुणीतरी उघड विचारलं याचं बऱ्याच जणांना हलकं वाटतं, कारण आतापर्यंत ती गोष्ट ते एकटेच वागवत होते. जगभर सामान्य नागरिकांना मानसिक प्रथमोपचाराचं जे प्रशिक्षण दिलं जातं, त्यातही हा प्रश्न थेट विचारायलाच शिकवतात.

उत्तर ‘नाही’ आलं, आणि ते नीट तुमच्याकडे बघून, थोडं दचकून आलं, तर ठीक. व्हर्नियरचं तरीही विचारा: ‘मग तो मला का दिलासा?’ उत्तर ‘कधीकधी वाटतं’ असं आलं तर घाबरून ‘असं बोलू नका’ म्हणू नका. ‘बरं झालं मला सांगितलं’ असं म्हणा आणि पुढचे दोन प्रश्न विचारा. कसं करायचं, कधी करायचं, असं काही ठरवलंय का? आणि त्यासाठीची वस्तू जवळ आहे का? नुसता विचार येतो आणि जातो, आणि बेत ठरलाय, या दोन गोष्टींत मोठा फरक आहे. बेत ठरलेला असेल तर त्या घडीपासून अण्णांना एकटं सोडायचं नाही. नाईटला नाही, घरी एकटं झोपायला नाही, अगदी ‘जरा जाऊन येतो’ म्हटलं तरी नाही. हा टोकाचा जोर पुष्कळदा काही तासांचा किंवा दिवसांचा असतो आणि ओसरतो. तेवढ्या वेळात माणूस सोबत असणं आणि धोक्याची वस्तू हाताशी नसणं, यानं जीव वाचतात. घरी शेती असेल तर शेतीची औषधं भावाकडे किंवा शेजाऱ्याकडे हलवायला घरच्यांना सांगा. झोपेच्या किंवा इतर गोळ्या असतील तर त्या घरातल्या दुसऱ्या माणसाच्या ताब्यात द्या.

तिथंच बसून १४४१६ लावा, फोन स्पीकरवर ठेवा. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली. चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत, आणि सुरुवातीला भाषा निवडायला सांगतात त्यात मराठी आहे. पलीकडे प्रशिक्षित समुपदेशक असतो आणि गरज पडली तर तो मानसतज्ज्ञाकडे किंवा मनोविकारतज्ज्ञाकडे जोडून देतो. हा नंबर लागला नाही तर १८००-८९१-४४१६ हीच सेवा आहे. अण्णा बोलायला तयार नसतील तर तुम्ही स्वतः लावून ‘माझ्या सहकाऱ्याबद्दल विचारायचंय’ म्हणू शकता. बेत ठरलेला आहे, आजच्या आजचं आहे असं दिसलं तर फोनवर वेळ घालवू नका, घरच्या एकाला बोलावून घ्या आणि थेट दसरा चौकाजवळच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या. ते रात्रीही उघडं असतं. नेणं शक्य नसेल तर ११२.

इथं एक अडचण नक्की येईल. अण्णा म्हणतील, ‘हे कुणाला सांगू नको. आईची शपथ.’ ती शपथ घेऊ नका. आधीच सांगा, ‘कंपनीत कुणाला कळणार न्हाई. पण तुमच्या जिवाचा प्रश्न असल्यावर मी गप्प बसणार न्हाई.’ मग निवड त्यांच्यावर सोपवा, पण सांगायचं की नाही ही निवड नव्हे, कुणाला सांगायचं ही. ‘वहिनींना सांगू, का थोरल्या भावाला?’ बहुतेक माणसं यातलं एक नाव घेतात. ज्याचं नाव घेतील त्याला त्यांच्यासमोरच फोन करा. पाठीमागून केलेला फोन त्यांना कळला तर पुढचा महिनाभर ते तुमच्याशी बोलणार नाहीत, आणि तोच महिना महत्त्वाचा आहे.

आणखी एक भीती घरच्यांना असते, पोलीस केस होईल याची. ती त्यांना खोटी आहे असं सांगा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, उलट सिद्ध झालं नाही तर, तीव्र मानसिक ताणाखाली होती असंच मानलं जातं आणि तिला शिक्षा करता येत नाही. नुसता विचार मनात येणं हा तर कधीच गुन्हा नव्हता. दवाखान्यात जाऊन ‘मनात असं येतंय’ म्हणणाऱ्या माणसाला घाबरायचं काहीही कारण नाही. उपचारांबद्दलची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्कही याच कायद्यानं रुग्णाला दिलाय, त्यामुळे डॉक्टरांकडून ती कंपनीला परस्पर जाणार नाही.

आता एचआर. माझं मत स्पष्ट आहे: आधी अण्णा, मग घर, मग दवाखाना, आणि त्यानंतर, अण्णांच्या संमतीनं, एचआर. सुरुवातच एचआरपासून केली तर अण्णांना केबिनमध्ये बोलावणं येईल, आणि सगळ्या शॉपला दिसेल की त्यांना बोलावलंय. तीस वर्षं इमानानं काम केलेल्या माणसाला ते नोकरी जाण्याची सूचना वाटू शकतं. याला अपवाद एकच. कामाच्या जागीच जिवाला धोका दिसला तर संमतीची वाट बघायची नाही, सुपरवायझरला लगेच सांगायचं. एरवी एचआरला अण्णांची कहाणी सांगायची गरजच नाही. त्यांना काय हवंय तेवढं मागायचं: महिनाभर नाईट नको, दोन दिवस दवाखान्यासाठी रजा हवी. नाईटचं विशेष सांगते. ज्याची झोप आधीच मोडली आहे त्याला नाईट दिली की झोप आणखी मोडते, आणि न झोपलेला माणूस लेथवर उभा असतो. रिजेक्शन झालेले ते दोन जॉब कशामुळे गेले याचं उत्तर बहुधा तिथंच आहे.

दवाखान्याची गोष्ट निघाली की ‘मी काय येडा झालोय का’ हे ऐकायची तयारी ठेवा. तिथं मानसोपचार हा शब्द घेऊन हुज्जत घालू नका. झोपेपासून सुरुवात करा: ‘महिनाभर झोप न्हाई, भूक न्हाई, एकदा दाखवून तरी घेऊ. मी येतो बरोबर.’ सीपीआरमध्ये मानसोपचार विभाग आहे, सकाळी ओपीडीत केसपेपर काढून दाखवता येतं. ते नकोच म्हणाले तर त्यांच्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांकडे न्या आणि आत गेल्यावर अण्णांच्या देखत डॉक्टरांना व्हर्नियरची आणि देणी फेडण्याची गोष्ट सांगा. नुसतं ‘झोप येत नाही’ एवढंच सांगितलं तर झोपेच्या गोळ्या घेऊन परत याल, आणि त्या घरात ठेवणं हाच एक धोका होईल.

औषधं सुरू झाली तर पुढच्या काही आठवड्यांत तुमचं काम संपत नाही, बदलतं. उदासीवरच्या औषधांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण फरक पडायला त्याहून जास्त. आठव्या दिवशी अण्णा म्हणतील, ‘काय फरक न्हाई, बंद केल्या.’ ते ऐकायला कुणीतरी असावं लागतं आणि ‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायच्या न्हाईत, चला फोन करू’ म्हणावं लागतं. रोज चौकशी करून त्यांना हैराण करू नका. आठवड्यातले दोन दिवस ठरवा, ते त्यांनाही सांगा, आणि त्या दिवशी डबा बरोबर उघडा. डब्याशेजारी बसून ‘या आठवड्यात झोप कशी होती’ एवढं विचारलं तरी बस्स. बाकीचे दिवस साईज, टॉलरन्स आणि मॅचच्या गप्पा मारा. आजारी माणसालाही चोवीस तास आजारी म्हणून वागवलेलं नको असतं.

यात एका गोष्टीनं फसू नका. आठवडेच्या आठवडे खचलेला माणूस एके दिवशी अचानक मोकळा, हसरा, निवांत दिसायला लागला, आणि त्याच्या परिस्थितीत तसं व्हावं असं काहीच घडलेलं नसलं, तर सुटकेचा निःश्वास टाकू नका. कधी कधी ती शांतता निर्णय झाल्याची असते. त्या दिवशी परत तोच प्रश्न, त्याच शब्दांत विचारा. खरी सुधारणा हळू येते आणि तुकड्यातुकड्यानं दिसते. एक दिवस डबा अर्धा संपतो, दुसऱ्या दिवशी परत नाही, चार दिवसांनी ते रिजेक्शनवरून तुमच्याशी भांडतात. भांडले तर मनातून खूश व्हा.

कर्जाचं, किंवा जे काही निघेल त्याचं, काय करायचं? ते पहिल्या बैठकीत नको, पण अण्णा जरा झोपायला लागले की जरूर. थकलेल्या हप्त्यांची मुदत वाढवून मागायला पतसंस्थेत अण्णांबरोबर एखादा शांत डोक्याचा माणूस जाऊ द्या, भाऊ किंवा मेव्हणाच, कारण ज्याला तोंड दाखवायची लाज वाटत होती तोच शेजारी बसला की निम्मं ओझं उतरतं. तुम्ही स्वतः जामीन राहू नका, पैसेही देऊ नका. तुमच्यात देणं-घेणं शिरलं की तुम्हाला खरं सांगणं त्यांना जड जाईल, आणि सध्या त्यांना खरं सांगता येईल असे तुम्हीच एकटे आहात.

व्हर्नियर परत द्यायची घाई करू नका. त्यांच्यासमोर खिशातून काढा आणि सांगा, ‘हा मी सांभाळतो, पण तुमचा म्हणून. पुढच्या महिन्यात झिरो चेक करायला तुमच्याकडंच आणणार.’ पुढच्या महिन्याची एखादी भेट ठरलेली असणं, ती इतकी छोटी असली तरी, अशा दिवसांत माणसाला धरून ठेवायला उपयोगी पडतं.

तुम्ही बत्तीस वर्षांचे आहात, हे ऐकून घेतल्यावर त्या रात्री तुम्हालाही झोप येणार नाही. अण्णांचं नाव न सांगता घरी बायकोशी किंवा मित्राशी बोला, नाहीतर १४४१६ तुमच्यासाठीही आहे. आणि एवढं सगळं करूनही पुढं काय होईल याची हमी तुम्ही देऊ शकत नाही, कुणीच देऊ शकत नाही. विचारणं, ऐकणं, योग्य माणसांपर्यंत नेणं, इथपर्यंतचं काम तुमचं. उपचार डॉक्टरांचे आणि सोबत घरच्यांची.

माझ्या ईमेलला तुमचं उत्तर आलेलं नाही. अण्णांशी बोलणं झालं असेल तर एक ओळ पाठवा. झालं नसेल तर हे वाचून झाल्यावर लगेच त्यांना फोन लावा, कुठं आहेत ते विचारा आणि गाडी काढा.